ऑफर आली, आता मागायचं काय: सव्वा लाख जास्त की वरची ग्रेड?

मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या आधीची गोष्ट, माझी मामेबहीण हुतात्मानं पुण्याहून रात्री आली आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आत मोबाईल माझ्यापुढे धरला. "दादा, ऑफर मेल आलाय. 14 लाख. मी 15 मागू का साडेपंधरा?" मी पुण्यात आठ वर्षं रिक्रूटमेंटमध्ये काढली, आता जुळे सोलापुरात बसून घरूनच तेच करतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या ऑफर लेटरवर पहिली नजर माझी असते. मी आकडा बघितलाच नाही, त्याच्या वरची ओळ बघितली. क्वालिटी इंजिनिअर, ग्रेड 4. सहा वर्षांचा अनुभव, सध्याच्या कंपनीत तीन जणांची टीम सांभाळणारी, आणि ग्रेड 4.

मामा झेडपीतून रिटायर झालेत. त्यांना ग्रेड म्हणजे काय हे मी सांगायला लागलो तर म्हणाले, "म्हणजे वेतनश्रेणीच की रे." अगदी तेच. फरक एवढाच की सरकारी वेतनश्रेणी छापून सगळ्यांना माहीत असते, आणि प्रायव्हेटमध्ये ती एचआरच्या फाईलीत असते. प्रत्येक ग्रेडला पगाराचा तळ असतो आणि छत असतं. तुम्ही कुठल्या ग्रेडमध्ये आत जाताय आणि त्या ग्रेडमध्ये तळाशी आहात की छताला डोकं टेकलंय, यावर पुढच्या तीन वर्षांची वाढ ठरते.

तर तिच्यापुढे खरे दोन रस्ते होते (तिसरा एक फसवा आहे, त्याच्यावर नंतर येतो).

पहिला रस्ता, ग्रेड 4 तशीच ठेवायची आणि पैसे वाढवून घ्यायचे. रिक्रूटर फोनवर 15 लाख 20 हजारापर्यंत जाईन म्हणाला. दुसरा, ग्रेड 5 मागायची, सिनियर क्वालिटी इंजिनिअर, पण त्या ग्रेडचा तळ 14 लाख 40 हजार आणि तिथंच बसवणार. म्हणजे ग्रेडसाठी वर्षाला 80 हजार सोडायचे. असं ऐकलं की कुणीही म्हणेल ग्रेड घे, 80 हजारात काय होतंय. थांबा जरा.

कारण सीटीसी, म्हणजे वर्षाच्या पगाराचा एकूण आकडा, जवळपास सारखा दिसला तरी आतली वाटणी ग्रेडनुसार बदलते. या कंपनीत ग्रेड 4 ला सीटीसीच्या 10 टक्के व्हेरिएबल होतं आणि ग्रेड 5 ला 15 टक्के. म्हणजे पहिल्या रस्त्यावर पक्का पगार 13 लाख 68 हजार, दुसऱ्यावर 12 लाख 24 हजार. फरक 80 हजार नाही, 1 लाख 44 हजार. महिन्याला 12 हजार, टॅक्सच्या आधी. व्हेरिएबल मिळतं, पण वर्षअखेरीस, आणि कंपनीचं वर्ष वाईट गेलं तर पूर्ण मिळत नाही. आणि जॉइनिंग नोव्हेंबरमध्ये, कंपनीचं अप्रेझल एप्रिलला, पण ऑक्टोबरनंतर आलेल्याला त्या एप्रिलचं अप्रेझल नाही. म्हणजे पहिली वाढ थेट त्याच्या पुढच्या एप्रिलला, 17 महिन्यांनी. 17 महिने 12 हजार कमी म्हणजे दोन लाखांच्या वर जातं ते. मामांनी लगेच विचारलं, "हप्ता किती आहे गं फ्लॅटचा?" बरोबर प्रश्न होता.

आता पुढं बघू. ग्रेड 4 चं छत 16 लाख. 15.20 वर आत जाणारा माणूस छताच्या जवळ असतो, आणि छताजवळच्याला वाढ कमी देतात, हे मुद्दाम ठरवून केलेलं असतं, रेटिंग चांगलं असलं तरी. कंपनीत सरासरी 9-10 टक्के चाललं असलं तरी याला 5 टक्के. तळाशी असलेल्याला 10. मग पहिल्या अप्रेझलला पहिला रस्ता 15.96 आणि दुसरा 15.84. सीटीसी जवळजवळ सारखी झाली. (पक्क्या पगारात पहिला रस्ता अजून वर्षाला 90 हजारांनी पुढे आहे, ते विसरू नका.)

खरी गंमत त्याच्या पुढच्या एप्रिलला आहे. इथं मी स्वतः तिला सुरुवातीला चुकीचं सांगितलं होतं, की ग्रेडवाला रस्ता पैशातही पुढे जातोच. नाही जात, कागदावर मांडल्यावर कळलं. पहिल्या रस्त्यावर तिला वेळेवर प्रमोशन मिळालं, 12 टक्के वाढीसकट, तर ती 17.87 ला पोचते आणि दुसऱ्या रस्त्यावर 10 टक्क्यांनी 17.42. म्हणजे प्रमोशन वेळेवर मिळालं तर फक्त पैसे मागणाराच तिन्ही वर्षं पुढे. पण प्रमोशन लांबलं तर? तर पहिल्या रस्त्यावर 16 लाखांच्या छताला टेकून बसायचं, पाच टक्केही पूर्ण मिळत नाहीत, आणि दुसरीकडे 17.42 चालू. शिवाय त्या 12 टक्क्यांचंही एक आहे, प्रमोशन झालं की व्हेरिएबल 15 टक्के होतं, त्यामुळे पक्का पगार 14.36 वरून 15.19 होतो, म्हणजे जेमतेम पावणेसहा टक्के. पत्रावर 12 दिसतं, हातात सहा सुद्धा नाही. हे प्रमोशनच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर कळतं.

म्हणून सगळं येऊन अडतं एकाच प्रश्नावर, प्रमोशन कधी मिळू शकतं. आणि "दोन वर्षांत देतो" हे मॅनेजरचं तोंडी वाक्य पकडून चालू नका. तिच्या कंपनीत अट होती ग्रेडमध्ये किमान 24 महिने. नोव्हेंबरला आलेल्या माणसाला 24 महिने पुढच्या-पुढच्या नोव्हेंबरला पूर्ण होतात, पण प्रमोशन फक्त एप्रिलला, म्हणजे लवकरात लवकर 29 महिन्यांनी. ते हुकलं की 41. ऑगस्टमध्ये जॉइन झाली असती तर 32 महिने लागले असते, पण पहिलं अप्रेझल 8 महिन्यांत मिळालं असतं. तारखा मांडून बघाच, कॅलेंडर घेऊन.

मी ज्याला-त्याला विचारायला लावतो ते रिक्रूटरला तीन प्रश्न. ही जागा कुठल्या ग्रेडवर अप्रूव्ह झालीय? या ग्रेडमधून पुढं जायला किमान किती महिने? या जॉइनिंग तारखेला पहिलं अप्रेझल कुठलं? ग्रेडची रेंज, म्हणजे तळ आणि छत, किती असं थेट विचारलं तर बहुतेक वेळा सांगत नाहीत, पण एक खूण आहे. तुम्ही फिक्स्ड वाढवा म्हणालात आणि त्यांनी त्याऐवजी जॉइनिंग बोनस पुढे केला, की समजायचं बहुतेक छत आलंय. बोनस एकदाच मिळतो, रेंजमध्ये धरत नाहीत, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायची अट असते, ती वाचा.

आता तो फसवा तिसरा रस्ता. रिक्रूटरला पैशांचा थोडा बदल फोनवर करता येतो, पण ग्रेड बदलणं त्याच्या हातात नसतं, कारण जागेचं बजेट त्या ग्रेडवर मंजूर झालेलं असतं, मग हायरिंग मॅनेजर, एचआर, कधी फायनान्स, आणि बरेचदा मुलाखतीचा अजून एक राउंड. त्याला ते नको असतं, त्याला जागा भरायची असते. म्हणून तुम्ही "सिनियर हवं" म्हणालात की तो आनंदानं पदाच्या नावात सिनियर टाकून देतो. ग्रेड तीच, व्हेरिएबल तेच, छत तेच. फुकट आहे ना त्याला. अगदीच वाया जात नाही हो ते, पुढच्या नोकरीत रेझ्युमे उघडल्यावर आधी पदाचं नाव दिसतं. पण त्यातही गोम आहे, पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते तेव्हा जुन्या एचआरच्या सिस्टिममध्ये जे पद असतं ते बाहेर येतं. तुमच्या ईमेल सहीत सिनियर आणि सिस्टिममध्ये साधा इंजिनिअर असेल तर रिपोर्टवर तफावत लागते, आणि मग तुम्ही खुलासे देत बसा. म्हणून नाव मिळालं तरी ते ऑफर लेटरवर पाहिजे आणि सिस्टिममध्येही तेच पाहिजे. आणि जिथं मुळात ग्रेडच नाहीत, वीस-पंचवीस जणांची कंपनी, तिथं हा सगळा हिशोब सोडा, नाव तर मिळेलच, जोर पैशावर लावा.

ग्रेड मागायची असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी ग्रेड, मग आकडा. आकड्यावर हो म्हणून झालं की त्यांच्या दृष्टीनं फाईल बंद, नंतर ग्रेड काढली तर तुम्हीच शब्द फिरवल्यासारखं दिसतं. आणि पोर्टलवरचं ॲक्सेप्ट बटण दाबायच्या आधी. मेल अर्थात इंग्रजीतच गेला, पण त्यातला मजकूर साधारण असा होता:

"ऑफरबद्दल आभार, जॉइन व्हायची इच्छा आहे. आकड्यावर बोलण्याआधी ग्रेडबद्दल विचारायचं आहे. मुलाखतीत ज्या कामाबद्दल बोलणं झालं, म्हणजे रिलीजची टेस्ट योजना ठरवणं आणि दोन ज्युनिअरचं काम बघणं, ते मी सध्या तीन जणांच्या टीमसोबत दोन वर्षं करते आहे. हे काम तुमच्याकडे ग्रेड 5 मध्ये येतं का? येत असेल तर त्या ग्रेडवर विचार व्हावा, त्यासाठी आणखी एक राउंड द्यायला मी तयार आहे."

बघा, त्यात "माझा अनुभव सहा वर्षं" असं कुठंच नाही. वर्षं सांगितली की ते म्हणतात आमच्याकडे ग्रेड 4 मध्ये आठ वर्षांचेही आहेत, आणि ते खरंही असतं. काम सांगितलं की त्यांना त्यांच्याच ग्रेडच्या व्याख्येशी ताडून बघावं लागतं.

ग्रेडची दुसरी बाजूही तिला सांगितली. ग्रेड 5 ला गेलीस की तुझी तुलना ग्रेड 5 वाल्यांशी होणार, त्यातले काही तीन वर्षं तिथंच मुरलेले. पहिल्या अप्रेझलला रेटिंग खाली आलं तर ते 10 टक्के विसर. टीम खरंच सांभाळली नसती तर मी तिला पहिला रस्ताच घे म्हणालो असतो. तसंच दीड वर्षात परत नोकरी बदलायचा विचार असेल तर छत वगैरे तुम्हाला भेटणारच नाही, तेव्हा आजचा पक्का पगार बघा, कारण पुढचा एचआर पगाराच्या स्लिपा मागतो आणि त्यात फिक्स्ड बघतो. घरात एकटाच कमावणारा आणि हप्ता तंग असेल तरीही पैसेच. मी यात कुणाला भित्रा म्हणणार नाही, महिन्याचे 12 हजार सोलापुरात छोटी रक्कम नाही.

तिचा हप्ता नवरा भरतोय, आणि तिथं तीन-चार वर्षं टिकायचा विचार होता. तिनं ग्रेड मागितली. चार दिवस काहीच उत्तर नाही, मामी मला रोज फोन करून "तुझ्यामुळं गेली का ऑफर" असं विचारायची. मग एक राउंड झाला, तासाभराचा, दुसऱ्या टीमच्या मॅनेजरबरोबर. शुक्रवारी सुधारित लेटर आलं. सिनियर क्वालिटी इंजिनिअर, 14 लाख 40 हजार, आणि खाली बारीक अक्षरात ग्रेड 4.

म्हणजे तळाचा पगार पाचचा, आणि ग्रेड चारचीच. चूक होती का हुशारी, देव जाणे. तिनं तेवढंच विचारणारा दोन ओळींचा मेल केला आणि सोमवारी दुरुस्त लेटर आलं, ग्रेड 5. त्यात नोटीस पिरियड 60 दिवसांचा 90 झाला होता, तो ग्रेडबरोबरच येतो तिकडे. त्यावर तिनं भांडण काढलं नाही, मीही म्हणालो राहू दे.