नोकरी सोडून शिकायचं की नोकरी करत: संधी खर्च कसा मोजावा

एखादा पर्याय निवडताना हातचा जो सर्वांत चांगला दुसरा पर्याय सुटतो, त्याची किंमत म्हणजे संधी खर्च. अभ्यासक्रम निवडताना बहुतेक जण फक्त फी पाहतात, आणि नेमका मोठा आकडा नजरेआड राहतो.

हिशेब सोपा राहावा म्हणून हातात येणारा महिन्याचा पगार म्हणजे १ धरू. फी १० पगारांइतकी. पूर्णवेळ अभ्यासक्रम २ वर्षांचा, अर्धवेळ ३ वर्षांचा, आणि शिकून झाल्यावर पगार दीडपट होतो असं समजू.

पूर्णवेळ शिकलात तर २४ पगार बुडतात. फी धरून खर्च ३४. यात घरभाडं आणि जेवणखाण मिळवू नका, ते नोकरी करतानाही होतंच. शिकण्यासाठी वेगळं घर घ्यावं लागलं, तर फक्त वाढीव भाडं धरा. प्रवेशपरीक्षेच्या तयारीवर आधीच झालेला खर्चही धरायचा नाही. काहीही निवडलंत तरी तो परत येणार नाही.

अर्धवेळ शिकताना पगार चालू राहतो, पण वाढ एक वर्ष उशिरा मिळते: १२ महिने गुणिले अर्धा, म्हणजे ६ पगार. शिवाय आठवड्याला १२ तास जातात. या सगळ्या तासांना पगाराचा दर लावणं ही नेहमीची चूक. त्यातल्या ४ तासांतच शिकवणीचं काम खरोखर मिळत असेल, तर तेवढेच तास पैशात मोजा. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ३ वर्षांत ५७६ तास होतात. महिन्याला १६० तास काम आणि तोच दर धरला, तर ३.६ पगार. फी धरून एकूण १९.६. उरलेले ८ तास झोपेतून, मुलांच्या वेळेतून जातात. त्यांना आकडा चिकटवू नका, पण कशातून जाणार ते कागदावर लिहा.

फरक १४.४ पगारांचा, म्हणून पगारवाढ सारखीच असेल तर अर्धवेळच बरं. पूर्णवेळ शिकून पगार १.८ पट होणार असेल, तर चित्र बदलतं. तिसऱ्या वर्षीच ३.६ पगार जास्त मिळून फरक १०.८ वर येतो, पुढे दर वर्षी ३.६ भरून निघतात आणि सहाव्या वर्षाअखेर दोन्ही पर्याय बरोबरीत येतात. (नोकरीतली नेहमीची वेतनवाढ इथे सोडली आहे. ती चांगली असेल तर बरोबरी आणखी लांबते.) म्हणून त्याच अभ्यासक्रमातून दोन्ही प्रकारे शिकलेल्यांना खरे पगार विचारा. सगळा निर्णय या एका आकड्यावर फिरतो.

अर्धवेळकडे कल असेल, तर फी भरण्याआधी ४ आठवडे रोज त्याच वेळी अभ्यासाला बसून पाहा आणि झालेले तास लिहून ठेवा. १२ ऐवजी ७-८ तासच होत असतील, तर अभ्यासक्रम ३ वर्षांत संपणार नाही, आणि लांबलेलं प्रत्येक वर्ष आणखी ६ पगारांचं असेल.