‘रेसिडेंट डायरेक्टर’च्या हाती आम्ही किल्ल्याच दिल्या

माझं माहेर ठाण्याचं, नौपाड्यातलं. मी रॉटरडॅमला असते, दादा सिंगापूरला आणि आमचा कॉलेजचा मित्र न्यू जर्सीला. तिघांनी मिळून जुलै २०२३ मध्ये ठाण्यात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली. वागळे इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेतला आणि चार मुलं कामाला ठेवली. ज्या माणसाने आम्हाला फसवलं त्याचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण त्याने हे कसं केलं ते परदेशात बसून इकडे कंपनी काढणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

कंपनी कायद्याचं कलम १४९(३) सांगतं की प्रत्येक कंपनीत असा किमान एक संचालक हवा, जो त्या आर्थिक वर्षात एकूण १८२ दिवस तरी भारतात राहिला आहे. तो भारताचा नागरिक असायलाच हवा असं नाही, दिवस सलग असायला हवेत असंही नाही. नवीन कंपनीला पहिल्या वर्षी ही अट वर्षाचे जेवढे दिवस उरले असतील त्या प्रमाणात लागू होते. आमच्या तिघांपैकी कुणीही वर्षाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त इकडे येत नाही. म्हणजे चौथा माणूस, ‘रेसिडेंट डायरेक्टर’ म्हणजे रहिवासी संचालक, शोधणं भागच होतं.

तो बाबांमुळे मिळाला. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या एकाने सुचवलं, की वाशीला एक जण कंपन्यांची सगळी कामं करतो आणि स्वतः संचालक म्हणूनही उभा राहतो. वर्षाला साठ हजार रुपये फी. फोनवर अगदी अदबीने बोलला. “मॅडम, तुम्ही तिकडे निवांत राहा, इकडचं सगळं मी बघतो.” आम्हाला नेमकं हेच ऐकायचं होतं.

कायद्याला त्याच्याकडून फक्त दोन गोष्टी हव्या होत्या: त्याने संचालक असणं आणि भारतात राहणं. बाकी जे आम्ही त्याच्या हाती दिलं, ते कायद्याने मागितलंच नव्हतं. बँकेत खातं उघडायला कुणीतरी शाखेत प्रत्यक्ष जायला हवं होतं, म्हणून तो सही करणारा झाला. नोंदणीकृत कार्यालयासाठी पत्ता हवा होता, म्हणून त्याने वाशीचा स्वतःचा पत्ता दिला. आमच्या तिघांच्या डिजिटल सह्यांचे यूएसबी टोकन कुरिअरने परदेशी पाठवायला नकोत, अडकले तर कामं थांबतील, असं म्हणून तेही त्याने स्वतःकडे ठेवले. नंतर मी त्याच्या ऑफिसात गेले तेव्हा ते पाहिले. एका पिवळ्या पाकिटात बरेच टोकन होते, प्रत्येकावर चिकटपट्टीने कंपनीचं नाव लावलेलं आणि त्याखाली बॉलपेनने पिन लिहिलेला. आमचे तिन्ही त्यातच होते. म्हणजे सरकारी पोर्टलवर आमच्या नावाने कुठलाही फॉर्म भरायला त्याला आमची गरजच नव्हती.

बँकेसाठीचा ठराव त्याने एका रात्री चौदा पानी पीडीएफमध्ये पाठवला. जिथे सही हवी तिथे पिवळी खूण केलेली होती. मी फक्त खुणा बघितल्या. बाराव्या पानावर एक ओळ होती: दोन लाखांपर्यंतचे व्यवहार कोणताही एक संचालक एकट्याच्या सहीने करू शकेल. ‘एकट्याच्या’ हा शब्द ‘दोघांच्या’ करून घेतला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा होता आणि ईमेलही त्याचाच, त्यामुळे बँकेचा एकही मेसेज आमच्यापर्यंत पोचत नव्हता. दर महिन्याला तो आम्हाला खात्याचा उतारा पाठवायचा, पण एक्सेलमध्ये. बँकेचा उतारा पीडीएफ असतो, त्यावर बँकेचा मजकूर असतो. एक्सेलमध्ये कुणीही हवा तो आकडा टाकू शकतं. वर्षभर तिघांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पगाराची तारीख उलटून सहा दिवस झाले होते. कामावरच्या मुलांपैकी जो सगळ्यात जुना आहे त्याने बिचकत मला मेसेज केला, “ताई, पगार कधी होईल? घरभाडं द्यायचंय.” मी बँकेला ईमेल करून उतारा मागितला. एप्रिल ते ऑगस्ट या काळात ‘सल्ला शुल्क’ म्हणून पाच रकमा गेल्या होत्या: १,४५,०००, १,८०,०००, ९५,०००, १,९०,००० आणि १,३०,०००. एकूण ७,४०,००० रुपये. प्रत्येक रक्कम दोन लाखांच्या आत आणि प्रत्येक त्याच्याच दुसऱ्या फर्मच्या खात्यात.

दादाने फोन केला तेव्हा तो जराही गडबडला नाही. म्हणाला, “हे माझं कामाचं शुल्क आहे. आणि वाद घालायचा असेल तर मी आज राजीनामा टाकतो. उद्यापासून तुमची कंपनी बेकायदेशीर.” संचालक म्हणून राहण्यासाठी त्याने चार लाख मागितले. आम्ही घाबरलो आणि अडीच लाख दिले. लुटला गेलेला पैसा एकवेळ मी विसरेन, पण हे अडीच लाख आम्ही स्वतःच्या हाताने दिले, याची टोचणी अजून जात नाही.

कारण त्याचं म्हणणं खोटं होतं. ठाण्यातल्या एका कंपनी सेक्रेटरी बाईंनी आम्हाला ते दुसऱ्या आठवड्यात समजावलं. १८२ दिवस पूर्ण वर्षात मोजतात. एका दिवसाची रिकामी जागा म्हणजे लगेच कंपनी बंद पडत नाही. अट मोडलीच तर कलम १७२ प्रमाणे कंपनीला आणि जबाबदार असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पन्नास हजार रुपये दंड होतो, आणि चूक चालू राहिली तर दिवसाला पाचशे रुपये, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. लहान कंपनीला हा दंड निम्म्याहून जास्त लागत नाही. म्हणजे आमच्या कंपनीला आणि तिघांना मिळून सुरुवातीचा दंड एक लाखाच्या आसपास गेला असता. दंड भरावा असं मी मुळीच म्हणत नाही, नोंद राहते आणि बँकही विचारते. पण धमकी किती पोकळ होती ते आकड्यांवरून कळतं. दंडाच्या अडीचपट आम्ही एका माणसाला भीतीपोटी दिले.

त्याला काढणं शक्य होतं, फक्त क्रम पाळावा लागला. आधी नवा रहिवासी संचालक, मग जुना बाहेर. संचालक मंडळात आम्ही तीन, तो एक. सात दिवसांची सूचना देऊन व्हिडिओवर बैठक घेतली, सूचना त्यालाही पाठवली, नाहीतर बैठकच अवैध ठरली असती. वागळे इस्टेटमधल्या त्याच जुन्या मुलाला अतिरिक्त संचालक नेमलं. त्याआधी आम्ही तिघांनी जुने टोकन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून रद्द करून घेतले आणि नवीन काढले. परदेशातून हे करायला कागद नोटरी करून त्यांवर तिथल्या सरकारचं अपोस्टिल प्रमाणपत्र घ्यावं लागतं, व्हिडिओवर ओळख द्यावी लागते. त्यातच जवळपास तीन आठवडे गेले. मगच नव्या सहीने DIR-12 हा नियुक्तीचा फॉर्म भरता आला.

संचालकाला काढायचं तर कलम १६९ नुसार भागधारकांची सभा हवी. सभेच्या किमान चौदा दिवस आधी विशेष सूचना द्यायची, ती त्यालाही पाठवायची आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यायची. अशी विशेष सर्वसाधारण सभा आमच्यासारख्या कंपनीला भारतातच घ्यावी लागते आणि खासगी कंपनीत किमान दोन भागधारक प्रत्यक्ष हजर लागतात. नंतर त्याने गणपूर्तीवर बोट ठेवायला नको म्हणून मी आणि दादा विमानाने आलो. नोव्हेंबरमध्ये सभा झाली. तो आला नाही. त्याच सभेत नोंदणीकृत कार्यालय वाशीहून ठाण्याला हलवण्याचा विशेष ठरावही केला, कारण शहराच्या हद्दीबाहेर पत्ता नेताना नुसता मंडळाचा ठराव चालत नाही. तोवर जीएसटीची दोन पत्रं वाशीच्या पत्त्यावर येऊन पडली होती, ती आम्हाला कधीच मिळाली नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास बँकेत झाला. संचालकांत वाद आहे असं कळताच बँकेने खात्यातून पैसे काढणं थांबवलं. बँकेचं बरोबरच होतं, त्यामुळेच उरलेले पैसे वाचले. पण त्यात मुलांचे पगार अठरा दिवस अडकले. चौघांपैकी एकानेही नोकरी सोडली नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आता रचना अशी आहे. नवा संचालक नेट बँकिंगवर फक्त व्यवहार तयार करतो, मंजुरी रॉटरडॅमहून मी किंवा सिंगापूरहून दादा देतो. खात्याला जोडलेलं सिमकार्ड माझ्याकडे आहे, रोमिंग चालू ठेवून. टोकन ज्याचं त्याच्याजवळ. नव्या संचालकाबरोबर लेखी करार आहे. कंपनीच्या कर आणि पीएफच्या थकबाकीचा त्रास त्याला होऊ नये म्हणून दर तिमाहीला भरणा झाल्याची पावती आम्ही त्याला देतो. बाबांनी आधी सुचवलं होतं की आईलाच संचालक करू. मी नको म्हटलं. खासगी कंपनीचा आयकर थकला तर वसुली संचालकांकडून होऊ शकते, आणि आईला यातला एक कागदही वाचायची सवय नाही.

एक गोष्ट आम्ही आधीच बघू शकलो असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकाचा क्रमांक टाकला की तो कुठल्या कुठल्या कंपन्यांत आहे ते दिसतं. एका माणसाला एकाच वेळी वीसपेक्षा जास्त कंपन्यांत संचालक राहता येत नाही. वाशीच्या त्या माणसाच्या नावावर अठरा होत्या आणि त्यातल्या पाचांची नावं नोंदणीतून काढलेली होती. आम्ही हे पाहिलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, फी देऊन पंधरा महिने झाल्यावर.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि ३१८ खाली, म्हणजे विश्वासघात आणि फसवणुकीची, आमची तक्रार दाखल आहे. सात लाख चाळीस हजारांतला एक रुपयाही अजून परत आलेला नाही. मागच्या आठवड्यात मी पोर्टलवर पुन्हा त्याचा क्रमांक टाकून बघितला. यादीत दोन नवीन कंपन्या दिसल्या, दोन्हींचा पत्ता वाशीचा, तोच. दोन्हींच्या बाकीच्या संचालकांची नावं मराठी आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न मी करते आहे. तुमच्या ओळखीत कुणी परदेशात असेल आणि त्याच्या कंपनीचा पत्ता वाशीला एखाद्या ‘सगळं बघणाऱ्या’ माणसाकडे असेल, तर आजच बँकेकडून थेट पीडीएफ उतारा मागवायला सांगा.