आत्या तीच, फोन तीन: पांढरा रंग धरून सुधारायचं की गालाचा रंग जुळवायचा?

आजीची पंच्याहत्तरी दादरच्या एका हॉलमध्ये झाली आणि अल्बमसाठी तीन नातेवाईकांच्या फोनमधले फोटो माझ्याकडे आले. एकात आत्या गव्हाळ, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात हळद लावल्यासारखी पिवळी. समोरासमोरच्या दोन पानांवर हे छापलं असतं, तर दोन वेगळ्या बायका वाटल्या असत्या.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, फोटोतली एखादी पांढरी वस्तू धरून व्हाइट बॅलन्स दुरुस्त करायचा. दुसरा, एक फोटो आधार मानून त्याच माणसाच्या गालाचा रंग बाकीच्या फोटोंत जुळवायचा. पहिला झटपट होतो. एका फोनने एकाच उजेडात काढलेले वीस फोटो असतील तर एकावर केलेली दुरुस्ती बाकीच्यांवर कॉपी करता येते. दुसऱ्याला वेळ लागतो, पण काही फोटो त्याशिवाय सुधारतच नाहीत.

कुठला फोटो कुठल्या मार्गाने न्यायचा हे मोजून कळतं. मी संगणकावर मोफत मिळणारं गिम्प वापरलं. फोटो उघडताना ते रंगप्रोफाइल बदलायचं का विचारतं, तिथे सगळे फोटो एसआरजीबी या एकाच प्रोफाइलमध्ये आणून घ्या, नाहीतर तुलनाच चुकते. मग रंग टिपणाऱ्या ड्रॉपरला एकाच पिक्सेलऐवजी सरासरी घ्यायला लावून डोळ्याखालच्या गालावर टेकवा. कपाळ चमकतं, नाक मुळातच लालसर असतं, म्हणून ती टाळा. ड्रॉपरच्या माहितीच्या चौकटीत `LCH` ही रंग मोजायची पद्धत निवडली की त्यातला `h` म्हणजे रंगछटेचा कोन अंशांत दिसतो. आकडा कमी झाला की छटा गुलाबीकडे जाते, वाढला की पिवळ्याकडे.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मी आधार धरला. त्यात आत्याच्या गालाचा कोन ५७ होता. गुलाबी फोटोत तो ३५ निघाला आणि पिवळ्यात ७५. मग दोन्हींत मागची भिंत पाहिली, कारण निर्णय तीच देते. पिवळ्या फोटोत भिंतही पिवळी होती. म्हणजे फोनने हॉलच्या पिवळ्या बल्बचा उजेड नीट ओळखला नव्हता. इथे पहिला मार्ग पुरला: फोटो सुधारायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचरची पट्टी निळ्याकडे सरकवल्यावर गाल ६० वर आला आणि भिंतही सावरली. आधारापासून चार-पाच अंशांचा फरक मी चालवून घेते, छापील पानावर तो मला जाणवत नाही.

गुलाबी फोटोत मात्र भिंत ठीक होती. तिथे फोनने चेहरा ओळखून त्वचेवरच रंग चढवला होता. मी आधी लाइटरूममधली टिंटची पट्टी हिरव्याकडे नेऊन पाहिली. गाल सुधारला, पण भिंत शेवाळी झाली. मग कलर मिक्समध्ये नारिंगीची छटा पिवळ्याकडे ढकलली, तर दारावरचं झेंडूचं तोरण फिकट पिवळं पडलं. शेवटी फक्त चेहरा आणि हात मास्क करून तेवढ्यातच रंग बदलला आणि गाल ५४ वर आला. मानेची कड विसरू नका, मुखवटा लावल्यासारखी रेघ तिथेच उमटते.

पांढरी वस्तू निवडतानाही एक फसगत होते. मी पहिल्यांदा काकांच्या शुभ्र धोतरावर ड्रॉपर ठेवला आणि सगळा फोटो पिवळट झाला. नीळ घातलेलं कापड थोडं निळं असतं, आणि त्यालाच पांढरं मानलं की सॉफ्टवेअर तो निळा काढून टाकतं. धुण्याच्या पावडरीतल्या चमक देणाऱ्या द्रव्यांनीही दिवसाच्या उजेडात हेच होतं. स्टीलचं ताट तर शेजारच्या साडीचा रंग दाखवतं. रंग न चढवलेली करडी किंवा पांढरी वस्तू, चेहऱ्यावर पडलेल्याच उजेडातली, मिळाली तरच पहिल्या मार्गावर भरवसा ठेवा.

दुसऱ्या मार्गात जपायचं ते वेगळं. आत्याचा गाल फक्त आत्याच्याच गालाशी जुळवा. माझी मावशी सावळी आहे. तिला आत्याच्या आकड्यावर ओढलं असतं, तर अल्बममधून तीच नाहीशी झाली असती. काही फोन आपणहून चेहरा उजळतात, त्यामुळे छटेसोबत `L` म्हणजे उजळपणाही तिच्याच खिडकीजवळच्या फोटोशी ताडून पाहा आणि फोनने वाढवला असेल तर खाली आणा. ब्युटी मोडने गुळगुळीत केलेली त्वचा मात्र परत येत नाही. तसा फोटो अल्बममध्ये लहान आकारात घ्यावा.

हे सगळं करण्याआधी घरच्यांकडून फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. नेहमीसारखे आलेले दाबलेले असतात आणि रंग जरा ओढला की गालावर चौकटी दिसू लागतात. हळदीच्या समारंभाचे फोटो असतील तर गाल मोजूच नका, तिथला पिवळा खरा आहे; हळद न लागलेला कोपर किंवा पाय धरा.

पूर्ण अल्बम छापायला टाकण्याआधी लॅबकडून तिन्ही फोनचा एकेक फोटो ४ बाय ६ मध्ये काढून घ्या आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, दुपारी खिडकीपाशी शेजारी ठेवून बघा. माझ्या गुलाबी फोटोतला गाल तिथे अजून किंचित लाल वाटला, म्हणून ५४ चा ५६ केला आणि मगच ऑर्डर दिली.