मार्कर की डोळा : प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी

सांबा मसुरी (बीपीटी ५२०४) हा बारीक दाण्याचा, खायला उत्तम भात. पण कडा करपा या जिवाणूजन्य रोगाला लगेच बळी पडतो. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यात Xa21, xa13 आणि xa5 ही तीन प्रतिकारक जनुके घातली आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी प्रसारित झाली. मार्कर, म्हणजे जनुकाजवळची ओळखता येणारी डीएनएमधली खूण, नेमका कुठे कामी येतो, हे या वाणावरून चांगले कळते.

Xa21 प्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत असली तरी काम करते; बाकीची दोन अप्रभावी, दोन्ही प्रती असल्या तरच काम करतात. पश्चसंकरणातून, म्हणजे मूळ वाणाशी पुन्हा केलेल्या संकरातून, आलेल्या रोपांची पाने जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने कापा आणि दोन आठवड्यांनी चट्ट्याची लांबी मोजा. रोप तगले, तर ते Xa21 मुळे तगले. त्याच्यात xa13 आणि xa5 आहेत की नाहीत, हे चट्टा सांगत नाही. पारंपरिक पद्धतीने जायचे तर प्रत्येक पश्चसंकरणानंतर स्वपरागण करून संतती तपासावी लागते, म्हणजे हंगाम जवळपास दुप्पट. एवढे करूनही Xa21 बाकीच्या दोघांना झाकतच राहते.

मार्कर मात्र कोवळ्या पानातूनच तिन्ही जनुके दाखवतो. पहिल्या पश्चसंकरणात तिन्ही असलेली रोपे आठात एक, म्हणजे ८० रोपांत साधारण १०. फुलोऱ्याआधी ती निवडायची आणि त्याच हंगामात पुढचा संकर करायचा. शेवटच्या स्वपरागणात तिन्ही जनुके शुद्ध असलेले रोप ६४ मध्ये एकच मिळते, म्हणून तिथे निदान दोनशे रोपे लावा. इथे हात आखडता घेतला, तर आधीचे सगळे हंगाम वाया जातात.

आता मर्यादा. मार्कर म्हणजे जनुक नव्हे. दोघांत ५ सेंटिमॉर्गन अंतर असेल, तर दर पिढीत सुमारे ५ टक्के वेळा ते वेगळे होतात. चार पिढ्या एकाच मार्करवर विसंबलात, तर जनुक हातातून निसटण्याची शक्यता जवळजवळ १९ टक्के. जेलवर मार्करचा पट्टा तसाच दिसतो, शेतात रोप मात्र करपते. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंचे मार्कर घ्या, किंवा जनुकातलाच मार्कर असेल तर उत्तम. अंतिम वाणांवर कात्रीची चाचणी तरीही चुकवू नका. तुमच्या भागातल्या जिवाणूच्या प्रकाराला जनुक पुरते का, हे पट्ट्यावरून कळत नाही.

उत्पादनाचे गणित निराळे आहे. ते अनेक लहान परिणामांच्या जनुकांवर ठरते. शंभर-दीडशे रोपांच्या संततीत सापडलेल्या क्यूटीएलचा, म्हणजे अशा गुणावर परिणाम करणाऱ्या डीएनएच्या भागाचा, परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो आणि दुसऱ्या संकरात बऱ्याचदा टिकत नाही. उत्पादनासाठी मी आजही अनेक ठिकाणच्या चाचण्या आणि ओळीओळीने फिरणारा अनुभवी डोळा यांवरच भर देईन.

तेव्हा मार्गदर्शकांकडे जाताना तीन गोष्टी तपासा : गुण एक-दोन मोठ्या जनुकांचा आहे का, दाता वाण आणि आवर्ती पालक यांच्यात तो मार्कर वेगळा पट्टा दाखवतो का, आणि गुण शेतात पाहणे खरोखर अवघड आहे का. मधल्या प्रश्नाचे उत्तर संकर करण्याआधी दोन्ही पालकांचा डीएनए जेलवर चालवून घ्या. पट्टे सारखेच आले, तर त्या संकरात तो मार्कर निरुपयोगी आहे.