साक्षीदार म्हणून सही घेतली, निघाले जामीनदार

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून आत. माझ्या चुलत्यांनी, आप्पांनी, २०२५च्या मार्चमध्ये संकरित गाय घ्यायला पुण्यातल्या एका खासगी फायनान्स कंपनीकडून एक लाखाचं कर्ज काढलं. हातात पडले ८६,९८२ रुपये. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. शिवाय ही पद्धत उद्या दुसऱ्याच नावाने तुमच्या गावात येऊ शकते, म्हणून नावापेक्षा पद्धत ओळखता यायला हवी.

एजंट चांगला बोलणारा होता. व्याज बारा टक्के, हप्ता ३,७७८ रुपये, तीन वर्षं, गायीचा विमा आमच्याकडून, असं त्याने सांगितलं. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून पेन्सिलीच्या फुल्या केल्या होत्या तिथे तिथे सह्या घेतल्या. शेजारचे तात्या दूध घालून परत चालले होते. "तात्या, साक्षीदार म्हणून एक सही करा," म्हणाला, आणि तात्यांनी केली. दोन घरांचा तीस वर्षांचा शेजार, नाही कसं म्हणणार? कराराची प्रत "ऑफिसातून पोस्टाने येईल" असं सांगितलं. ती आलीच नाही.

एका लाखातून कापलेले पैसे असे होते. प्रोसेसिंग फी तीन टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ३,५४०. विमा ४,२००. कागदपत्रांचा खर्च १,५००. आणि पहिला हप्ता आगाऊ, ३,७७८. व्याज मात्र पूर्ण लाखावर, तेही फ्लॅट पद्धतीने. म्हणजे दर महिन्याला मुद्दल फिटत जातं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ लाखावरच धरायचं. वर्षाला बारा हजार, तीन वर्षांचे छत्तीस हजार, लाखात मिळवून छत्तीसने भागले की ३,७७८ येतात. हेच बारा टक्के आपल्या बँकेसारखे शिल्लक मुद्दलावर धरले असते तर हप्ता ३,३२० च्या आसपास बसला असता. आणि हातात आलेले ८६,९८२ व पुढचे पस्तीस हप्ते एवढंच धरून हिशोब केला, तर व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या वर जातं. बारा सांगितले आणि तीस घेतले.

ऑगस्टमध्ये गाय दगावली. आप्पांनी आधी एजंटला फोन लावला, कारण विमा होता ना. तेव्हा कळलं की ४,२०० रुपयांचा तो विमा आप्पांच्या जिवाचा होता. आप्पा गेले असते तर कंपनीचं कर्ज फिटलं असतं. गायीचा विमा कधी उतरवलाच नव्हता. हे गाय दारात आल्या दिवशीच ओळखता येतं: जनावराचा विमा उतरवला की त्याच्या कानात नंबरचा बिल्ला मारतात, आणि दावा करताना तो बिल्ला आणि डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला मागतात. आप्पांच्या गायीच्या कानाला कुणी हात लावला नव्हता.

दूधच बंद झाल्यावर दोन हप्ते थकले. नोटीस आली ती आप्पांना आणि तात्यांनाही. तात्या त्याच सुमारास ट्रॅक्टरसाठी बँकेत गेले होते. तिथे सांगितलं की तुमच्या नावावर थकीत कर्ज दिसतंय, जामीनदार म्हणून. बॉनेटवरची ती सही साक्षीदाराच्या रकान्यात नव्हतीच. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी आप्पांकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या, असं तात्यांना म्हणता येत नाही. त्या दिवसापासून तात्या आमच्या ओट्यावर बसायचे बंद झाले. पैशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

दिवाळीच्या आधी तोच एजंट पुन्हा आला. या वेळी सहा घरं तयार होती. मात्र हप्ते थेट दूध बिलातून कापून घ्यायचे, असं कंपनीने ठरवलं होतं, आणि त्यासाठी आमच्या दूध सोसायटीचं कपातीचं पत्र हवं होतं, सही-शिक्क्यानिशी. इथे तो काकूंच्या गाठीला पडला.

काकू सोसायटीच्या संचालक मंडळावर आहेत. बी.कॉम. झालेल्या, दर दहा दिवसांचं बिल त्यांच्या नजरेखालून जातं. त्या म्हणाल्या, "शिक्का मारते. पण कागद सगळ्यांसमोर वाचायचा. पहिल्या ओळीपासून."

संध्याकाळचं संकलन संपलं, कॅन गाडीत चढले आणि फॅट मशीनच्या टेबलावरच वाचन सुरू झालं. सहा घरची माणसं, बाया, मागे भिंतीला टेकून तात्या, आणि काकूंशेजारी कॅल्क्युलेटर घेऊन मी. करार इंग्रजीत होता. काकू एक वाक्य इंग्रजीत वाचायच्या, मग मराठीत सांगायच्या आणि पुढे जाण्याआधी विचारायच्या, "कळलं का?"

सुरुवात त्यांनी शेवटच्या पानापासून केली. त्या पानावर एकच परिच्छेद मराठीत होता: "सदर कराराचा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवण्यात व समजावून सांगण्यात आला असून तो मला मान्य आहे." काकूंनी तो दोनदा वाचला. मग एजंटकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, हे आधी करू. मग याच्यावर सही होईल." आप्पांच्या करारातही हेच वाक्य होतं आणि त्याखाली आप्पांची सही होती. पुढे वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते इथेच. खोटं सांगून घेतलेली जामिनकी कलम १४२ प्रमाणे टिकत नाही, पण खोटं सांगितलं हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि समोरचा हे पान काढून दाखवणार.

मग काकूंनी कोऱ्या जागाही मोठ्याने वाचल्या, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं काम इथेच झालं. "कर्जाची रक्कम, कोरी. व्याजदर, कोरा. व्याजाची पद्धत, कोरी. हप्त्यांची संख्या, कोरी." छापील अटी सगळ्यांना सारख्याच असतात. आपला व्यवहार असतो तो मागे जोडलेल्या तक्त्यात, आणि तोच तक्ता पूर्ण रिकामा होता. करारासोबत तिकीट लावलेली एक वचनचिठ्ठीही होती, तिच्यावरही आकडा नव्हता. अशी कोरी चिठ्ठी सही करून दिली की त्यात आकडा भरायचा अधिकार कायद्याने घेणाऱ्याला मिळतो. काकूंनी हे सांगितल्यावर एका वहिनींनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"काकू, एवढं वाचत बसलात तर रात्र होईल," एजंट म्हणाला.

"होऊ दे की. हप्ते तीन वर्षं भरायचेत."

जामीनदाराचं पान आलं तेव्हा काकू थांबल्या. ते वाक्य त्यांनी तात्यांच्या नावाने सांगितलं: "तात्यांनी सही केली तर आप्पांनी न भरलेला प्रत्येक रुपया तात्यांनी भरायचा, आणि कंपनी आधी तात्यांच्या दारात आली तरी चालेल." सहा जणांनी एकमेकांना जामीन राहायचं ठरवलं होतं. त्यातल्या कुणालाही हे असं माहीत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी केएफएस मागितला. हा कर्जाच्या महत्त्वाच्या बाबींचा एक तक्ता असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना नवं किरकोळ कर्ज देताना तो कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यावाच लागतो. त्यात व्याज, फी, विमा असं सगळं धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तक्त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तक्ता गठ्ठ्यात होता, पण वार्षिक दराचा रकाना कोरा. एजंट म्हणाला, सिस्टीममधून नंतर येतो. आणि स्कीम उद्या बंद होते, तेव्हा सह्या आजच करा. काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं, की असा तक्ता हातात दिल्यावर तो किमान तीन कामाचे दिवस तसाच लागू राहायला हवा. "विचार करायला तीन दिवस नियमानेच मिळतात. तुम्ही उद्यावर कसं आणता?"

तो कागद घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात भरलेला तक्ता घेऊन परत आला, हे मला अपेक्षित नव्हतं. वार्षिक दराच्या रकान्यात तीसच्या वरचा आकडा छापलेला होता. काकूंनी तोही सगळ्यांना वाचून दाखवला. चार घरांनी तिथेच नको म्हटलं. दोघांनी कर्ज घेतलं. एकाच्या घरी दवाखान्याचं निघालं होतं, त्याला थांबणं शक्य नव्हतं. पण त्यांनी विमा काढून टाकायला लावला, ४,२०० वाचले, जामीन शेजाऱ्याऐवजी सख्ख्या भावाचा दिला, आणि आकडे भरलेल्या कराराची प्रत हातात पडल्यावरच सोसायटीचं पत्र दिलं. वाचल्याने कर्ज स्वस्त झालं नाही. आपण काय घेतोय ते मात्र त्यांना माहीत होतं.

आप्पांच्या सह्या वाचून मागे घेता येत नाहीत. त्यांनी कंपनीकडे लेखी अर्ज करून कराराची प्रत मिळवली, आणि विम्याबद्दल व जामिनकीबद्दल लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार दाखल केली. सोबत तक्रारीची पोच, खात्यात जमा झालेल्या ८६,९८२ ची नोंद असलेलं पासबुकाचं पान आणि कपातीची पावती जोडली. कंपनीला पहिली तक्रार फोनवर केली असती तर हातात पोच नसती, म्हणून ती लेखीच करा. निकाल अजून यायचा आहे. तोवर हप्ते थकू नयेत म्हणून आप्पा आणि तात्या मिळून भरतायत, कारण थकबाकी दोघांच्याही नावावर चढते.

सोसायटीने संचालक मंडळात ठराव केला आहे: कोणत्याही कर्जाच्या कपातीचं पत्र द्यायचं असेल तर करार आधी संकलन केंद्रावर, कर्जदार आणि जामीनदार दोघांच्या समोर, कोऱ्या जागांसकट वाचला जाईल. काकू गावात नसतील त्या दिवशी वाचायचं काम तात्यांकडे आहे.