बघण्याआधी डिपॉझिट: मालकाची जाहिरात की रूममेटची?

पुण्यात वाकडमध्ये आसपास २८ हजार भाडं असताना टू बीएचके १४ हजारांत दिसतो. भाड्याच्या घरांच्या साइटवरचा ‘मालक’ म्हणतो, बदली झालीय, गेटपाससाठी ५ हजार पाठवा, फ्लॅट बघितल्यावर परत. सोसायटीत पाहुण्याला असे पैसे लागत नाहीत. वॉचमन फ्लॅटवर फोन करून आत सोडतो. इथे साइटच्या ‘व्हेरिफाइड’ शिक्क्यावर जाऊ नका, त्यातून बहुधा फक्त मोबाइल नंबर तपासल्याचं कळतं.

रूममेटच्या जाहिरातीत निदान राहणारा माणूस असतो, व्हिडिओ कॉलवर गॅलरीतून खालचं गेट दाखवायला सांगता येतं. पण तो मालक नव्हे. नोंदणीकृत करारात त्याचं नाव आणि उरलेले महिने बघा. डिपॉझिट मालकाच्या संमतीनेच द्या. दोन्हींत आमची पसंती रूममेटच्या जाहिरातीलाच.