बैठकीच्या टिपणांतून कामांचा तक्ता: हाताने, सूत्राने, की बैठकीतच?

बैठक संपते आणि हाती एक परिच्छेद उरतो. त्यातून कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं हे तीन रकान्यांत मांडायचं असतं. त्यासाठी तीन वाटा आहेत: वाक्यं वाचून हाताने तक्ता भरणं, स्प्रेडशीटच्या सूत्रांनी परिच्छेद कापणं, किंवा बैठकीतच टिपणं अशी घेणं की तक्ता आपोआप तयार व्हावा. यांतली निवड मजकूर किती लांब आहे यावर फारशी ठरत नाही. मजकुरात नाव आणि तारीख किती स्पष्ट लिहिली आहे, यावर ठरते.

तुलनेसाठी मी एक परिच्छेद रचला आहे. बैठक सोमवारी, २ मार्च २०२६ रोजी झाली असं धरू.

> हॉलचं अजून नक्की नाही, अजयने परवा फोन केला होता, परत विचारायला हवं. मीराला वक्त्यांची यादी पाठवायची आहे, ती आली की सुहास निमंत्रणपत्रिका करणार, आठ दिवसांत. पुस्तिकेचं नीता म्हणाली आम्ही बघतो, शुक्रवारपर्यंत मजकूर. डॉ. येणार का ते कळवायचं. नोंदणीचा फॉर्म मागच्यासारखा लांब नको. खर्चाचा अंदाज महिनाअखेर.

सूत्राची वाट

गूगल शीट्समध्ये A1 मध्ये हा परिच्छेद चिकटवला आणि A3 मध्ये पुढचं सूत्र लिहिलं, की पूर्णविरामाशी तुकडे पडून एकाखाली एक ओळी येतात.

```
=TRANSPOSE(SPLIT(A1,"."))
```

इथे पहिली अडचण येते. पूर्णविरामानंतर मोकळी जागा असते म्हणून पुष्कळ जण `". "` असं दोन अक्षरांचं चिन्ह देतात. पण `SPLIT` मूळ सेटिंगमध्ये त्यातलं प्रत्येक अक्षर वेगळं चिन्ह मानतं, आणि मग शब्दाशब्दाला तुकडे पडतात.

वरच्या सूत्राने नेमक्या सात ओळी येतात. माणसाने वाचून काढल्या तरी सातच गोष्टी निघतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळं जमलं असं वाटतं. प्रत्यक्षात चौथी ओळ नुसती ‘डॉ’ आहे, आणि दुसऱ्या ओळीत यादी आणि पत्रिका ही दोन कामं एकत्र अडकली आहेत. एक ओळ फुकट वाढली, एक काम दडलं, आणि बेरीज जुळली. म्हणून ओळींची संख्या पडताळा म्हणून कधीच वापरू नये.

आता नाव आणि मुदत काढायची सूत्रं पाहू.

```
=REGEXEXTRACT(A3,"अजय|मीरा|सुहास|नीता")
=REGEXEXTRACT(A3,"परवा|आठ दिवसांत|शुक्रवार|महिनाअखेर")
```

ही खालपर्यंत ओढली की हाती हे येतं:

| ओळ | नाव | मुदत |
|---|---|---|
| हॉल | अजय | परवा |
| यादी आणि पत्रिका | मीरा | आठ दिवसांत |
| पुस्तिका | नीता | शुक्रवार |
| डॉ | #N/A | #N/A |
| येणार का ते कळवायचं | #N/A | #N/A |
| फॉर्म | #N/A | #N/A |
| खर्चाचा अंदाज | #N/A | महिनाअखेर |

`#N/A` दिसतं, त्यामुळे त्याचा त्रास नाही, ते निदान खरं बोलतं. त्रास भरलेल्या खणांचा आहे. अजयने परवा फोन ‘केला होता’, म्हणजे तो परवा मागे पडलेला, २८ फेब्रुवारीचा. मराठीत परवा दोन्ही बाजूंना असतो आणि दिशा फक्त क्रियापद सांगतं. सूत्राला क्रियापद दिसत नाही, त्यामुळे सरून गेलेला दिवस मुदत बनला. सुहास तर तक्त्यातून गायबच झाला, कारण हे सूत्र ओळीतलं पहिलं सापडलेलं नाव घेऊन थांबतं.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. शब्दाची हद्द दाखवणारं `\b` हे चिन्ह आणि अंक शोधणारं `\d` शीट्समध्ये फक्त रोमन अक्षरं आणि अंक ओळखतात. त्यामुळे टिपणात ‘परवानगी’ शब्द आला तर त्यातलाही ‘परवा’ पकडला जातो, आणि ‘१२ तारखेपर्यंत’ मधला १२ हाती लागत नाही. अंकांसाठी `[0-9०-९]` असं लिहावं लागतं.

हाताची वाट

हाताने करताना मी वाक्यांपासून सुरुवात करत नाही, क्रियापदांपासून करते. आधी फक्त पुढे करायच्या कृती दाखवणाऱ्या शब्दांखाली रेघ मारायची: विचारायला हवं, पाठवायची, करणार, बघतो, कळवायचं. ‘केला होता’खाली रेघ येत नाही आणि परवाचा गोंधळ तिथेच मिटतो. प्रत्येक रेघेला एक ओळ, मग एका वाक्यात दोन असोत की तीन. शेवटच्या वाक्यात क्रियापदच नाही, पण मुदत आहे, म्हणून तीही ओळ धरायची.

दुसऱ्या फेरीत माणूस शोधायचा. इथे नावापेक्षा नावाला लागलेला प्रत्यय महत्त्वाचा. ‘मीराने यादी पाठवायची आहे’ असतं तर प्रश्नच नव्हता. पण ‘मीराला यादी पाठवायची आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: मीरा पाठवणार, किंवा दुसरं कोणी तरी मीराकडे पाठवणार. दोन्ही शुद्ध मराठी आहेत आणि कागदावरून निवाडा होत नाही. सूत्राने इथे बिनधास्त मीरा लिहिलं, आणि घाईत वाचणारा माणूसही तेच लिहितो. परिणाम असा की मीरा यादीची वाट पाहत राहते आणि सगळे मीराची.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरकही असाच उपयोगी पडतो. नीता ‘आम्ही बघतो’ म्हणाली, म्हणजे तिचा गट करणार, बाकीचे नाहीत. तक्त्यात नीताचं नाव लिहिता येतं, कारण शब्द तिने दिला. ती ‘आपण बघू’ म्हणाली असती तर ते काम कोणाचंच नव्हतं आणि रकाना रिकामा ठेवायला हवा होता.

तिसरी फेरी मुदतीची. ‘आठ दिवसांत’ म्हणजे बोलताना आपण एक आठवडा म्हणतो, मोजून आठ दिवस नव्हे. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजेही दोन आठवडे. पण तो आठवडा कधी सुरू होतो? पत्रिकेचं काम यादी ‘आली की’ सुरू होणार, आणि यादीला मुदतच नाही. यादी गुरुवारी, ५ मार्चला आली तर पत्रिका १२ मार्चला. बैठकीच्या दिवसापासून मोजलं तर ९ मार्च निघतो, आणि सुहासला कामाला फक्त चार दिवस उरतात. म्हणून अशा ओळीत तारखेऐवजी आधी अट लिहायची.

| काम | कोण | कधीपर्यंत |
|---|---|---|
| हॉलसाठी पुन्हा विचारणं | ? (आधीचा फोन अजयचा) | ? |
| वक्त्यांची यादी पाठवणं | ? मीरा, की मीराकडे दुसरं कोणी | ? |
| निमंत्रणपत्रिका करणं | सुहास | यादी मिळाल्यापासून एक आठवडा |
| पुस्तिकेचा मजकूर देणं | नीता | शुक्रवार, ६ मार्च |
| डॉक्टर येणार का ते कळवणं | ? | ? |
| नोंदणीचा फॉर्म छोटा करणं | अजून काम ठरलेलं नाही, फक्त मत | – |
| खर्चाचा अंदाज देणं | ? | मंगळवार, ३१ मार्च |

या तक्त्यात प्रश्नचिन्हं पुष्कळ आहेत, पण चुकीचा खण एकही नाही. मला हा तक्ता सूत्राच्या तक्त्यापेक्षा कितीतरी पूर्ण वाटतो. अजयचं नाव कंसात ठेवलं, कारण एकदा फोन करणारा माणूस पुन्हाही करेल असं टिपण कुठेच म्हणत नाही. अशी नावं आपणच भरून टाकायचा मोह फार होतो. तो आवरायलाच हवा.

हाताच्या वाटेची मर्यादा दमणुकीची आहे. सहा ओळींच्या परिच्छेदाला मला वीसेक मिनिटं लागतात. चार पानी टिपण असेल तर तिसऱ्या पानावर डोळा प्रत्ययांवरून घसरायला लागतो, आणि मग माझ्याही हातून ‘मीराला’चं ‘मीरा’ होतं. मोठं टिपण दोन वेळा बसून करावं, किंवा दुसऱ्याकडून फक्त ‘कोण’ हा रकाना मूळ मजकुराशी ताडून घ्यावा.

बैठकीतच तक्ता

तिसऱ्या वाटेत टिपण घेणारा प्रत्येक काम एका ओळीत, उभ्या रेघांनी तोडून लिहितो: `पुस्तिकेचा मजकूर|नीता|2026-03-06`. नंतर एकच सूत्र पुरतं.

```
=SPLIT(A2,"|",TRUE,FALSE)
```

शेवटचं `FALSE` विसरू नये. ते नसेल तर `SPLIT` रिकामे तुकडे गाळतं, आणि नाव न ठरलेल्या ओळीत तारीख सरकून नावाच्या रकान्यात जाऊन बसते. तारीख खरोखर तारीख म्हणून बसली की नाही हे नजरेने कळतं: तारीख खणाच्या उजव्या कडेला चिकटते, नुसता मजकूर डाव्या. डावीकडे असेल तर तारखेनुसार लावताना ती ओळ भलतीकडे जाईल. या ओळींत तारीख रोमन अंकांत लिहिणं सोयीचं.

या वाटेचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन रेघांमधली जागा रिकामी दिसते तेव्हा टिपण घेणारा तिथल्या तिथे विचारतो, “यादी कोण पाठवणार?” हाताच्या वाटेत जो प्रश्न संध्याकाळी निघतो तो इथे माणसं समोर असतानाच सुटतो. किंमत अशी की टिपण घेणाऱ्याला चर्चेत भाग घेणं जवळजवळ अशक्य होतं, आणि अधेमधे थांबवायचा अधिकार त्याला सगळ्यांनी आधी द्यावा लागतो. सर्वांत कनिष्ठ माणसाला टिपणं घ्यायला बसवलं असेल तर तो विचारणार नाही, आणि रेघांमधल्या जागा रिकाम्याच राहतील.

मग काय निवडावं

एकदाच झालेल्या बैठकीचा परिच्छेद समोर असेल तर हातानेच करा. दर आठवड्याला तीच माणसं बसत असतील तर तिसरी वाट घ्या, पहिल्या दोन-तीन बैठका अवघड जातात तेवढं सोसा. सूत्राने कापणं मी एकाच वेळी सुचवेन: जुन्या टिपणांचा ढीग आहे आणि त्यांत कोणाचं नाव कुठे येतं एवढंच आधी चाळायचं आहे. तेव्हाही सूत्राचे रकाने ‘कच्चं नाव’, ‘कच्ची मुदत’ या मथळ्यांखाली ठेवा आणि शेजारी मूळ वाक्य राहू द्या.

हाताची वाट घेतली तर प्रश्नचिन्हं त्याच दिवशी विचारा, आणि ज्याचा त्याला स्वतंत्र प्रश्न पाठवा. ‘यादीचं कोण बघतंय?’ असं सगळ्यांना मिळून विचारलं तर उत्तर येत नाही. ‘मीरा, वक्त्यांची यादी तू पाठवणार आहेस की तुला कोणाकडून हवी आहे? गुरुवारपर्यंत होईल का?’ असं विचारलं की एका उत्तरात दोन ओळी भरतात, आणि सुहासच्या पत्रिकेची तारीखही ठरते.